शब्द खोडला, आवाज कापला

माहितीपटांच्या कामात 'कागदावरचं संकलन' हा प्रकार जुना आहे. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण कुणीतरी हेडफोन लावून शब्दशः उतरवून काढी, समासात वेळेचे आकडे लिही, आणि मग दिग्दर्शक पेन व कात्री घेऊन त्या कागदांवर बसे. हवी ती वाक्यं कापून, पट्ट्या क्रमानं चिकटवून जो कागद तयार होई तो संकलकाकडे जाई. संकलक त्याबरहुकूम फीत लावी, ऐके, आणि बऱ्याचदा कागद परत पाठवी. 'हे वाक्य वाचायला जुळतंय, ऐकायला जुळत नाही. इथं बाईंचा सूर वर गेलाय, पुढचं वाक्य खालून सुरू होतंय. जोड कळेल.' कागद आणि फीत यांच्यामध्ये अशा रीतीनं एक ऐकणारा माणूस बसलेला असे.

आता तो माणूस तिथं असेलच असं नाही. संगणकावर एका बाजूला चित्रफीत आणि दुसऱ्या बाजूला तिचा मजकूर दिसतो. मजकुरातला शब्द निवडून खोडला की चित्रफितीतला तेवढा तुकडा आपोआप कापला जातो. परिच्छेद वरखाली केला की माणूस त्या क्रमानं बोलू लागतो. कल्पना तशी नवी नाही. स्टीव्ह व्हिटाकर आणि ब्रायन अमेंटो या संशोधकांनी यंत्रानं उतरवलेल्या मजकुरावरून ध्वनिमुद्रण कापण्याचा प्रयोग २००४ सालीच मांडला होता. २०१७ मध्ये डिस्क्रिप्ट नावाची प्रणाली याच तत्त्वावर बाजारात आली, आणि २०२३ मध्ये अडोबीच्या प्रीमियर प्रोमध्येही ही सोय आली. फुकट मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्येही ती आहे. मुलाखती घेणाऱ्या, मौखिक इतिहास गोळा करणाऱ्या माझ्यासारख्यांना हे वरदान वाटलं तर नवल नाही. लिहिता-वाचता येणाऱ्या कुणालाही आता चित्रफीत कापता येते.

पण आपण कापतो ते मजकूर पाहून, आणि प्रेक्षकापर्यंत जातो तो आवाज. या दोघांना बांधणारा दोरा किती घट्ट आहे, तो कुठं सैल पडतो आणि सैल पडल्याचं कळतं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दोरा म्हणजे प्रत्यक्षात आकड्यांची एक जोडी. यंत्र बोलणं उतरवताना प्रत्येक शब्दाजवळ तो कोणत्या क्षणी सुरू झाला आणि कोणत्या क्षणी संपला हे नोंदवून ठेवतं. मराठीसाठी मी व्हिस्पर ही प्रणाली वापरतो. २०२२ मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि तिला मराठी येतं, म्हणजे बऱ्यापैकी येतं. तिच्या नोंदी अशा दिसतात:

```
{"word": " काय", "start": 754.31, "end": 754.70, "probability": 0.83}
{"word": " नव्हता", "start": 754.70, "end": 755.16, "probability": 0.91}
```

मुद्रण सुरू झाल्यापासून ७५४.३१ व्या सेकंदाला 'काय' सुरू झाला, ७५४.७० ला संपला आणि त्याच क्षणी 'नव्हता' सुरू झाला, असं यंत्राचं म्हणणं. शेवटचा आकडा शब्द बरोबर ओळखल्याची यंत्राची खात्री सांगतो. मजकुरातून 'काय' खोडला की या दोन क्षणांमधला तुकडा गळतो. सगळी जादू एवढीच आहे.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शब्द कोणता हे ठरवणं आणि तो कुठं सुरू झाला हे ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामासाठी यंत्र शिकलेलं आहे. दुसरं काम ते जाता जाता करतं. एखादा शब्द लिहिताना त्याचं लक्ष आवाजाच्या कोणत्या भागावर होतं यावरून ते सीमा अंदाजानं आखतं. वरचा ०.९१ हा आकडा पहिल्या कामाबद्दल आहे, सीमेबद्दल तो काहीच सांगत नाही. शब्द अगदी बरोबर आणि त्याची सीमा शंभर मिलिसेकंदांनी चुकलेली, असं सर्रास होतं. उपशीर्षकं दाखवायची असतील तर शंभर मिलिसेकंदांचं काही वाटत नाही. कापायचं असेल तर वाटतं.

वरच्या दोन ओळी एका खऱ्या मुलाखतीतल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या एका आजींची ती मुलाखत. एक तास बावन्न मिनिटांचं मुद्रण होतं. एका महाविद्यालयाचा इतिहास विभाग दुष्काळावरचं प्रदर्शन मांडणार होता आणि त्यांना त्यातून नऊ मिनिटांची फीत हवी होती. प्रदर्शन पुढं आजींच्याच गावी, ग्रामपंचायतीच्या सभागृहात जायचं होतं. एका विद्यार्थिनीनं मजकुरावरून फीत कापली आणि ती तपासायला माझ्याकडे आली. कापण्याच्या जागा त्रेचाळीस होत्या. त्यातला एकच परिच्छेद इथं उलगडून दाखवतो.

आजी जे बोलल्या ते कानानं उतरवलं तर असं आहे: "मुकादम वाईट, म्हंजी काय, नव्हता तसा. आमची हजेरी नीट लावायचा. वरच्या टोळीची कमी लावायचा म्हणं. मजुरी तीन रुपय, आपलं, दोन रुपय. तीन नंतर झालं. आन् सुकडी मिळायची पोरास्नी."

यंत्रानं उतरवलं ते असं: "मुकादम वाईट म्हणजे काय नव्हता तसा. आमची हजेरी नीट लावायचा. वरच्या टोळीची कमी लावायचा म्हणे. मजुरी तीन रुपये आपलं दोन रुपये. तीन नंतर झालं. आणि सुकडी मिळायची पोरांना."

आणि विद्यार्थिनीनं कापून ठेवलं ते असं: "मुकादम वाईट नव्हता तसा. आमची हजेरी नीट लावायचा. वरच्या टोळीची कमी लावायचा. मजुरी तीन रुपये. आणि सुकडी मिळायची पोरांना."

वाचायला शेवटचा मजकूर सगळ्यांत चांगला आहे. नेटका, सुटसुटीत, एकही अडखळ नाही. मजकूर पाहून कापणारा कुणीही हेच केलं असतं. पण यात तीन गोष्टी बिघडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

पहिली 'नव्हता'ची. 'म्हणजे काय' खोडलं तेव्हा यंत्रानं ७५४.७० ला कात्री लावली. आवाजाची लहर मोठी करून पाहिली तर 'नव्हता'मधला 'न' ७५४.६१ लाच सुरू झालेला दिसतो. म्हणजे नव्वद मिलिसेकंद 'काय'च्या खात्यात गेले आणि त्याच्याबरोबर खोडले गेले. आपल्याकडच्या चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, एक चित्र चाळीस मिलिसेकंदांचं. त्या हिशेबानं सव्वादोन चित्रांचा तुकडा. त्या तुकड्यात अख्खा 'न' होता. उरलं ते 'व्हता'. आणि आजींच्या बोलीत 'व्हता' म्हणजे 'होता'. पडद्यावरचा मजकूर म्हणत होता, मुकादम वाईट नव्हता. आवाज म्हणत होता, "मुकादम वाईट व्हता तसा."

हा मुकादम आज हयात नाही, पण त्याची नातवंडं त्याच गावात राहतात आणि त्या सभागृहात येणार होती.

हे घडतं ते बोलीमुळंच असं मात्र नाही. प्रमाण मराठीतसुद्धा 'नसतो'चा 'न' गळला की 'असतो' उरतो, 'नसायचे'चं 'असायचे' होतं. आपल्या भाषेतला नकार जवळजवळ सगळाच 'न'नं सुरू होतो: नाही, नको, नव्हता, नसेल, नये. आणि 'न' हा कापायला सगळ्यांत वाईट वर्णांपैकी एक आहे. कारण साधं आहे. क, ट, त, प म्हणताना तोंड किंवा घसा क्षणभर पूर्ण बंद होतो आणि आवाजात बारीकशी शांतता येते. लहरीत ती खाचेसारखी दिसते. तिथं सीमा आखणं यंत्रालाही सोपं आणि माणसालाही. न, म, य, र, ल, व यांना ही खाच नसते. आधीच्या स्वरातून आवाज न थांबता त्यांच्यात घसरतो. 'काय नव्हता' एका दमात म्हणून पाहा. 'य' कुठं संपला आणि 'न' कुठं सुरू झाला हे जिभेलाही सांगता येणार नाही. म्हणजे जिथं चूक सर्वांत महाग पडते नेमकी तिथंच यंत्राची सीमा सर्वांत कच्ची असते. म्हणून माझा एक नियम आहे. नकारार्थी शब्दाला लागून असलेली कात्री, मग ती आधी असो की नंतर, लहर मोठी करून हातानं तपासल्याशिवाय सोडायची नाही.

दुसरा बिघाड 'आपलं'चा. इंग्रजी मुलाखती कापणाऱ्या प्रणालींत भरीचे शब्द एका फटक्यात काढायची सोय असते, आणि ती सवय मराठीतही आली आहे. आपण 'म्हणजे', 'मग', 'ना', 'काय', 'आपलं' हे शब्द डोळे मिटून खोडतो. पण "तीन रुपय, आपलं, दोन रुपय" यातला 'आपलं' भरीचा नाही. तो दुरुस्तीचा आहे. बोलणारा स्वतःचंच वाक्य खोडतो आहे आणि नवं लिहितो आहे. 'आपलं'च्या डावीकडचं चूक, उजवीकडचं बरोबर. विद्यार्थिनीला दोन आकडे दिसले, एक ठेवायचा म्हणून तिनं पहिला ठेवला, आणि 'तीन नंतर झालं' हे मग निरर्थक वाटलं म्हणून तेही गेलं. दिवसाची दोन रुपये मजुरी तीन झाली. या फितीचा पुरावा म्हणून कुणी उपयोग करणार असेल तर दीडपट मजुरीचा हा फरक लहान नाही. ऐकताना मात्र 'आपलं'चं काम लपत नाही. त्याच्या आधी आजींचा आवाज तुटतो आणि पुढचा 'दोन' त्या जोर देऊन म्हणतात. मजकुरात हा जोर नसतो. यंत्रानं तर तिथले स्वल्पविरामही टाकले नव्हते.

तिसरा 'म्हणे'चा, आणि मला तो सगळ्यांत गंभीर वाटतो. दोन अक्षरांचा हा शब्द वाक्याच्या शेवटी हळू आवाजात येतो आणि वाचताना शेपटासारखा वाटतो. पण 'मी पाहिलं' आणि 'मी ऐकलं' यांतला सगळा फरक मराठीनं त्या शेपटात ठेवला आहे. वरच्या टोळीची हजेरी मुकादम कमी लावायचा हे आजींनी पाहिलेलं नाही. तशी बोलवा होती, एवढंच त्या सांगतात, आणि जपून सांगतात. 'म्हणं' कापलं की त्या मृत माणसावर साक्षीदार म्हणून आरोप करत असलेल्या दिसतात. आजींनी तो आरोप केलेला नाही. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि त्याहीनंतर असे निष्ठा-शंकेचे शब्द येणाऱ्या आपल्या भाषेत वाक्याचं शेपूट कापणं ही सर्वांत मोहाची कात्री असते. म्हणे, वाटतं, बहुतेक, असेल, आठवत नाही नीट. फीत लहान करायची तर यांच्यावरच पहिली नजर जाते.

आता या तीन बिघाडांपैकी नेहमीच्या मोजपट्टीला किती सापडले असते? मजकुराची अचूकता मोजण्याची रूढ रीत अशी आहे: चुकीचे शब्द, गळलेले शब्द आणि जादा आलेले शब्द यांची बेरीज करायची आणि तिला मूळ शब्दांच्या संख्येनं भागायचं. शंभर शब्दांत पाच चुका म्हणजे पाच टक्के. या परिच्छेदात यंत्रानं 'रुपय'चं 'रुपये', 'आन्'चं 'आणि', 'पोरास्नी'चं 'पोरांना' केलं. मोजपट्टीनुसार या सगळ्या चुका. 'नव्हता' आणि 'आपलं' हे शब्द यंत्रानं बरोबर ओळखले होते, आणि 'म्हणं'चं फक्त रूप बदलून 'म्हणे' केलं होतं. म्हणजे जिथं मोजपट्टीला चुका दिसतात तिथं अर्थाचं काही बिघडलेलं नाही, आणि जिथं अर्थ उलटा झाला तिथं मोजपट्टी शंभर टक्के गुण देते. म्हणून टक्केवारी पाहून निर्धास्त होणाऱ्यांशी माझं पटत नाही. टक्केवारी यंत्राची परीक्षा घेते, कापणीची नव्हे.

(बोलीचं प्रमाणीकरण हा वेगळाच दुखरा विषय आहे. आजी 'पोरास्नी' म्हणतात आणि खाली अक्षरं 'पोरांना' येतात. शब्द शोधायला ते सोयीचं, पण तोच मजकूर उपशीर्षक म्हणून पडद्यावर गेला तर आपण त्यांची भाषा त्यांच्याच तोंडाखाली सुधारून दाखवतो आहोत.)

तपासणी कापल्यानंतर करायची असते असं म्हणतात, पण तिचा पहिला भाग कापण्याआधीच येतो. मूळ मुद्रण संपूर्ण, साध्या वेगानं, मजकुरावर नजर ठेवून एकदा ऐकायचं. कारण यंत्रानं जे उतरवलंच नाही ते मजकुरात खोडताही येत नाही आणि राखताही येत नाही. ते शेजारच्या शब्दाच्या वेळेत बिनतिकिटाचं बसून जातं. आजींच्या मुलाखतीत पंचेचाळिसाव्या मिनिटाच्या सुमाराला त्या एका सावकाराबद्दल बोलल्या आणि मान वळवून अगदी हळू म्हणाल्या, "नाव नको घालू बाबा त्याचं." यंत्राच्या मजकुरात हे वाक्यच नव्हतं. आधीचं नावासकटचं वाक्य होतं, नंतरचं होतं, मधलं गडप. फक्त मजकूर वाचणाऱ्याला ही विनंती कधीच कळली नसती. एक तास बावन्न मिनिटांचं मुद्रण असं ऐकायला, थांबत, दुरुस्त करत, मला दोन सकाळी लागल्या.

याच्या उलटही होतं, जे बोललंच गेलं नाही ते मजकुरात येतं. व्हिस्परच्या या खोडीवर अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वाचाघात झालेल्या आणि न झालेल्या माणसांची मुद्रणं तपासली. सुमारे एक टक्का तुकड्यांत यंत्रानं संपूर्ण वाक्यं किंवा वाक्यखंड मनानं रचलेले सापडले, आणि थांबत थांबत, लांब विराम घेत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे अधिक झालं. म्हातारी माणसं अशीच बोलतात. शांततेच्या जागी यंत्र काहीतरी लिहितं, त्यालाही वेळेचे आकडे जोडतं, आणि कापणारा ते निरर्थक वाक्य म्हणून खोडतो. प्रत्यक्षात तो खोडतो ती शांतता. पहिल्या दिवशी कामावर कोण कोण गेलं होतं असं विचारल्यावर आजी सहा सेकंद काही बोलत नाहीत, मग धाकट्या बहिणीचं नाव घेतात. ती सहा सेकंदं मजकुरात शून्य जागा घेतात. विराम आखडण्याची सोय सुरू ठेवली असती तर तेवढाही थांबा उरला नसता.

कापून झाल्यावर सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे तयार फीत पुन्हा यंत्राला द्यायची, नव्यानं उतरवून घ्यायची आणि हा नवा मजकूर कापणीच्या मजकुराशी शब्दाला शब्द लावून पाहायचा. दोन मजकुरांतले फरक रंगवून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. तत्त्व चांगलं आहे: कात्रीनं एखादा शब्द चिरडला असेल तर तो दुसऱ्या वेळी वेगळा ऐकू येईल आणि फरक उघडा पडेल. आमच्या नऊ मिनिटांत अशा तीन जागा सापडल्या. 'नव्हता' मात्र त्यांत नव्हता. यंत्रानं "वाईट व्हता तसा" ऐकून पुन्हा 'नव्हता' असंच लिहिलं. का, हे कळायला अवघड नाही. यंत्र नुसतं ऐकत नाही, पुढंमागं पाहून काय असायला हवं याचा अंदाजही बांधतं. पुढच्याच वाक्यात 'हजेरी नीट लावायचा' आहे, तेव्हा त्यानं समजूतदारपणे नकार परत जोडला. चिरडलेला शब्द दुरुस्त करून लिहिणारा श्रोता तपासणीच्या उपयोगाचा नाही, आणि ज्यानं मूळ मजकूर वाचला आहे तो माणूसही याच कारणासाठी उपयोगाचा नाही. विद्यार्थिनीनं ती जागा दहा वेळा ऐकली होती आणि दहाही वेळा तिला 'नव्हता' ऐकू आलं होतं, कारण तिला ते पाठ होतं.

म्हणून दुसरी तपासणी माणसाकडून, आणि अशा माणसाकडून ज्यानं ना मुलाखत ऐकली आहे ना मजकूर पाहिला आहे. त्याच तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना आम्ही फक्त आवाज दिला, चित्रही नाही, आणि ऐकू येईल तसं लिहायला सांगितलं. नऊ मिनिटांना त्यांना दीड तास लागला. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मुकादम वाईट व्हता तसा', आणि समासात प्रश्नचिन्ह काढून पुढं लिहिलं, 'मग लगेच त्याची तारीफ का?' बोली जाणणारा माणूस इथं लागतोच. पुण्या-मुंबईच्या कानाला 'व्हता' हा तोंडातल्या तोंडात म्हटलेला 'नव्हता' वाटू शकतो.

पण 'आपलं' आणि 'म्हणे' यांची चूक या तपासणीतही सापडणार नाही. कापलेल्या फितीत ती वाक्यं स्वच्छ ऐकू येतात, लिहिणारा ती जशीच्या तशी लिहितो, आणि कापणीच्या मजकुराशी ती तंतोतंत जुळतात. त्यासाठी तिसरी तपासणी लागते आणि ती कंटाळवाणी आहे. कापणीच्या प्रत्येक जागेची यादी काढायची, मूळ मुद्रणातल्या वेळेसह. मग एकेक जागा घेऊन मूळ मुद्रणात तिच्या दहा सेकंद आधीपासून दहा सेकंद नंतरपर्यंत ऐकायचं आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: काढलेल्या शब्दांनी उरलेल्या वाक्याचं काय केलं होतं? त्याला नाकारलं होतं, दुरुस्त केलं होतं, त्याच्यावर शंका घेतली होती, की ते दुसऱ्याच्या तोंडी घातलं होतं? यांपैकी काहीही केलं असेल तर ते शब्द परत. त्रेचाळीस जागांना आम्हाला अख्खी दुपार लागली. अकरा जागी कापलेलं परत घातलं. 'म्हंजी काय' तर पूर्णच परत घेतलं. सीमा ७५४.६० ला सरकवून, दहा मिलिसेकंदांचा सांधा देऊन 'न' वाचवता आला असता, पण 'वाईट'नंतर आजी क्षणभर तोलतात आणि मग नकार देतात. ते तोलणं कापून त्यांना ठाम करण्याचं काही कारण दिसेना. फीत नऊ मिनिटांची नऊ मिनिटं छप्पन्न सेकंद झाली.

कापलेली जागा दिसावी की झाकावी, यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर कात्री चालली की मान टचकन हलते, प्रेक्षकाला धक्का बसतो. तो झाकायला तेवढ्या वेळेपुरतं दुसरं चित्र घालतात, हात, रान, जुना फोटो. आता दोन चेहऱ्यांमधला धक्का यंत्रानं विरघळवण्याचीही सोय आहे, आणि न बोललेले शब्द बोलणाऱ्याच्याच आवाजात व ओठांवर बसवण्याचे प्रयोग २०१९ पासून प्रसिद्ध आहेत. जोड जितका बेमालूम तितकी तपासणी अवघड. २०२४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात डोनाल्ड ट्रंप यांच्या २०२१ च्या भाषणातले पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतरावरचे दोन तुकडे एका दमात बोलल्यासारखे जोडले गेले होते. त्याबद्दल वर्षभरानं बीबीसीला माफी मागावी लागली आणि तिचे महासंचालक पायउतार झाले. तिथं शब्द सगळे खरे होते. माझं मत असं की मौखिक इतिहासाच्या फितीत धक्का दिसू द्यावा. महाविद्यालयाला ते कच्चं काम वाटलं. शेवटी जिथं एकाच उत्तरातले तुकडे जोडले होते तिथं खडीच्या ढिगाऱ्यांची चित्रं घातली, आणि जिथं वेगवेगळ्या उत्तरांतले तुकडे शेजारी आणले होते तिथं दोन सेकंदांचा काळा पडदा.

प्रदर्शनाआधी फीत आजींना त्यांच्या ओट्यावर लॅपटॉपवर दाखवली. त्यांनी सबंध पाहिली. सावकाराचा भाग त्यात नव्हता. सुकडीचं ऐकून त्या म्हणाल्या, मिलोचं का नाही घातलं, लाल ज्वारीचं, ते खाऊन पोटं बिघडायची. ते मूळ मुद्रणात होतं, नऊ मिनिटांत बसलं नव्हतं. आम्ही ते घातलं. मूळ मुद्रण, हातानं दुरुस्त केलेला संपूर्ण मजकूर आणि कापणीच्या सगळ्या जागांची वेळेसह यादी आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकाच पेटीत आहे, दोन प्रतींत. सावकाराचं नाव आलेलं पान पाकिटात बंद करून वेगळं ठेवलं आहे.